ॲपवर ७८२, बँकेत ६९४: खरा आकडा कोणता?

*सर, मी शाळेचे गणवेश शिवून घेऊन विकते. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचा म्हणून १८ लाखांच्या कर्जासाठी अर्ज केला. इसार दिलाय, मुदत ऑगस्टअखेरपर्यंत आहे. माझ्या मोबाइलमधल्या एका ॲपवर स्कोअर ७८२ दिसतो, दुसऱ्यावर ७५१. बँकेतले साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं सिबिल ६९४ आहे, यात बसत नाही." एकाच माणसाचे तीन आकडे कसे? आणि बँक माझा चांगला आकडा का धरत नाही? कार्डाचं बिल मी दर महिन्याला पूर्ण भरते. तिन्ही रिपोर्ट सोबत पाठवतेय.*
*– एक वाचक, सोलापूर*

ताई, रिपोर्ट पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसते आकडे कळवले असते तर मला मोघम उत्तर द्यावं लागलं असतं. आता नेमकं बोलता येईल.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. कर्ज देणारा ज्या ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवून त्यावर गुण देणाऱ्या कंपनीकडून, ज्या दिवशी रिपोर्ट मागवतो, त्या रिपोर्टवरचा आकडा तो धरतो. तुमच्या बँकेने २८ मे रोजी सिबिलकडून रिपोर्ट मागवला, त्यावर ६९४ होते. ७८२ आणि ७५१ हे खोटे नाहीत, पण तुमच्या फाइलपुरते ते कोणी पाहिलेलेच नाहीत.

हे मी अंदाजाने सांगत नाही, तुमच्याच कागदावर लिहिलेलं आहे. तुम्ही ३ जूनला उतरवून घेतलेल्या सिबिल रिपोर्टच्या शेवटी Enquiries असा भाग आहे. तिथे पहिल्याच ओळीत बँकेचं नाव, २८ मे ही तारीख, गृहकर्ज हे कारण आणि १८,००,००० ही रक्कम आहे. आता ॲपमधले दोन्ही रिपोर्ट आजच्या तारखेला पुन्हा उतरवून तोच भाग उघडा. तिथे ही नोंद नसणार. ज्या ब्युरोला विचारणा होते, त्याच ब्युरोच्या रिपोर्टात ती उमटते. बँकेने नेमका कोणाचा आकडा पाहिला हे कुणालाही न विचारता कळण्याची हीच जागा आहे, आणि बहुतेक लोक शेवटच्या पानापर्यंत जातच नाहीत.

आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सगळ्यांत जुनी, म्हणून आपण कुठल्याही स्कोअरला सरसकट 'सिबिल' म्हणतो. साड्या धुवायच्या पावडरीला एकाच कंपनीचं नाव पडावं, तसं ते झालंय. गोंधळ तिथूनच सुरू होतो. फुकट स्कोअर दाखवणारं ॲप यांपैकी एखाद्याच ब्युरोचा आकडा दाखवतं, आणि त्या ब्युरोचं नाव आकड्याखाली बारीक अक्षरांत असतं. तुमची दोन्ही ॲप्स उरलेल्या तिघांपैकी दोघांचे आकडे दाखवतात. सरकारी बँकांचा गृहकर्जाचा कारभार मात्र बहुतेक ठिकाणी सिबिलवर चालतो. काही बँकांच्या व्याजदराच्या तक्त्यात तर कुठल्या सिबिल स्कोअरला किती टक्के, असे रकानेच असतात. बचत गटांना आणि महिलांच्या गटकर्जांना पैसे देणाऱ्या सूक्ष्म वित्त कंपन्यांत क्रिफ हाय मार्कच्या रिपोर्टचा वापर मोठा आहे. काही खासगी कंपन्या दोन-दोन ब्युरोंकडून मागवतात, आणि मग कमी आकडा धरायचा की मुख्य ब्युरोचा, हे त्यांचं धोरण ठरवतं. म्हणून कर्जाच्या टेबलावर विचारायचा प्रश्न असा आहे: "साहेब, आपण कुठल्या ब्युरोचा रिपोर्ट बघता, आणि हा कुठल्या तारखेचा आहे?"

आता तीन आकडे तीन का, ते तुमच्या कागदांवरून बघू.

गाडीचं कर्ज

तुमचं दुचाकीचं कर्ज. हप्ता ३,४२० रुपये. ५ एप्रिल २०२२ चा शेवटचा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला आणि तो तुम्ही १४ जूनला रोख भरलात. ७८२ दाखवणाऱ्या रिपोर्टात हे कर्ज बंद आहे. Date Closed समोर १४ जून २०२२, बाकी शून्य.

तेच कर्ज सिबिलच्या रिपोर्टात काढा. तिथे महिन्यांचे छोटे चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहितात. मार्च २०२२ च्या चौकोनात 000. एप्रिलमध्ये 025. मेमध्ये 056, म्हणजे ५ एप्रिल ते ३१ मे हे छप्पन दिवस. आणि त्यापुढे चौकोनच नाहीत. Amount Overdue समोर ३,४२०. Date Closed समोर काहीच नाही. खात्याची शेवटची माहिती आली ती तारीख ३१ मे २०२२.

घड्याळ त्या दिवशी बंद पडलंय, ताई. तुम्ही जूनमध्ये पैसे भरलेत ही बातमी एका ब्युरोच्या दप्तरात पोचली, दुसऱ्याच्या पोचली नाही. हे कसं होतं? फायनान्स कंपनी प्रत्येक ब्युरोला आपल्या सगळ्या कर्जदारांची माहिती एका ठरावीक साच्यातल्या फाइलमध्ये पाठवते. एखाद्या नोंदीत खाते क्रमांक, जन्मतारीख, पॅन असं काही जुळलं नाही की ब्युरोची यंत्रणा तेवढी नोंद नाकारते आणि कंपनीकडे परत पाठवते. कंपनीने ती दुरुस्त करून पुन्हा पाठवायची असते. चालू कर्जाची नोंद नाकारली तर पुढच्या वेळी ती पुन्हा जाते. पण बंद झालेल्या कर्जाची शेवटची नोंद नाकारली गेली आणि कोणी पाठपुरावा केला नाही, तर ते खाते कंपनीच्या चालू यादीतूनही निघालेलं असतं. मग वर्षानुवर्षं तिकडे कोणी फिरकत नाही. आज हे सिबिलमध्ये घडलंय, उद्या चौघांपैकी कोणाकडेही घडू शकतं.

मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. आम्ही आधी वरचा आकडा बघायचो हे खरं, पण पेन्सिल फिरायची ती या चौकोनांवरून आणि थकबाकीच्या रकान्यावरून. रक्कम ३,४२० असो की ३,४२,०००, आज तारखेला थकबाकी दिसतेय म्हटल्यावर फाइल वर पाठवताना त्याचा खुलासा लिहावा लागतो. तुमच्या साहेबांनी "सिबिल कमी आहे" असं एका वाक्यात सांगितलं, पण त्यांची पेन्सिलही बहुधा या ओळीवरच थांबली असणार. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही; ती रेषा प्रत्येक बँक स्वतः आखते, आणि रेषेच्या अलीकडचा आकडाही नीट खुलासा असेल तर काही वेळा वर जाऊन मंजूर होतो.

एक मात्र सांगून ठेवतो. 025 आणि 056 हे दोन चौकोन खरे आहेत, हप्ता खरंच उशिरा गेला होता. ते पुसून मागू नका, पुसले जाणार नाहीत. ७८२ वाल्या रिपोर्टातही ते आहेतच. खोटं आहे ते एवढंच, की कर्ज अजून उघडं आणि थकलेलं दिसतंय. तक्रार तेवढ्याचीच करायची.

कार्ड

तुमच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा ८०,००० आहे. ॲपवर ७८२ दिसला तो ८ मे रोजी, आणि त्यात कार्डाची बाकी ३० एप्रिलची, ७,५०० रुपये. मग ११ मे रोजी तुम्ही हंगामाचं कापड घेतलंत, ६२,००० चं. बँकेने २८ मे रोजी पाहिलेल्या रिपोर्टात १५ मेची बाकी आहे, आणि ती पाऊण मर्यादेच्या पुढे गेलेली आहे. तुम्ही ५ जूनला सगळं बिल मुदतीच्या आत भरलंत. पण ब्युरोला नंतरचं काय कळणार? त्याच्याकडे १५ मेचं चित्र होतं. मर्यादेच्या नऊ-दहा टक्के वापरणारी बाई आणि तीच बाई पंधरवड्याने मर्यादेचा मोठा भाग वापरताना, या दोन चित्रांना सूत्र वेगळे गुण देतं.

जानेवारी २०२५ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी निदान दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती ब्युरोंना कळवायची, आणि तीही सात दिवसांच्या आत, असा नियम आला. आधी महिन्यातून एकदाच कळवत. काही कार्ड कंपन्या त्या दिवशीची बाकी पाठवतात, काही बिलावरची रक्कम. पण दोन्हीकडे तुम्ही बिल पूर्ण भरता की नाही याच्या आधीच बाकीचा आकडा निघून जातो. तुमच्या बाबतीत ५ जूनला भरलेले पैसे १५ जूनच्या माहितीत येतील आणि महिनाअखेरच्या सुमाराला रिपोर्टवर दिसतील. यात चूक कोणाचीच नाही, दुरुस्तीही काही नाही. फक्त पुढच्या वेळी कर्जाचा अर्ज देण्याच्या आधीच्या महिन्यात हंगामाची खरेदी कार्डावर करू नका, किंवा केलीत तर बिलाची वाट न बघता पंधरवडा संपायच्या आत पैसे भरून टाका.

७५१ कुठून आला

हा तिसरा आकडा गंमतीदार वाटेल, पण आपल्याकडच्या बायकांना तो फार वेळा भोवतो. २०१९ मध्ये तुम्ही फ्रीज हप्त्यांवर घेतला होता, माहेरच्या नावाने. एकही हप्ता चुकला नाही. सिबिलमध्ये आणि ७८२ वाल्या रिपोर्टात ते कर्ज तुमच्या नावावर आहे. ७५१ वाल्यात नाहीच. नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाइल, पत्ता हे सगळं जुळवून ब्युरो ठरवतो की ही दोन खाती एकाच व्यक्तीची. आडनाव बदललं, जुना मोबाइल बंद झाला, पत्ता माहेरचा अक्कलकोट रोडचा, की एखाद्या ब्युरोच्या यंत्रणेला ही दोन माणसं वाटतात. तुमचा सगळ्यांत जुना आणि स्वच्छ इतिहास तिथे तुमच्या खात्यावर जमाच झालेला नाही. तुमच्या गृहकर्जाशी याचा आज संबंध नाही, तरी गणवेशाच्या धंद्यासाठी पुढे एखाद्या फायनान्स कंपनीकडे जाल तेव्हा ती नेमकी त्याच ब्युरोला विचारेल, हे शक्य आहे. म्हणून तिथेही दुरुस्तीचा अर्ज करून ठेवा.

माहिती सारखी असली तरी सूत्रं वेगळी असतात, हेही खरं. चौघांची पट्टी ३०० ते ९०० अशीच, म्हणून वाटतं की एकाचे ७५० म्हणजे दुसऱ्याचे ७५०. तसं नाही. प्रत्येकाचं गणित त्याचं स्वतःचं, ते कोणी उघड करत नाही, आणि एकाच ब्युरोच्या सूत्राच्या जुन्या-नव्या आवृत्त्याही असतात. तुम्ही स्वतः उतरवलेल्या सिबिल रिपोर्टवर ७०१ आहे आणि बँकेने सांगितलेला ६९४, तो फरक अशा कारणांतला असू शकतो. त्या सात गुणांच्या मागे लागू नका. पाच-पंचवीस गुणांचा फरक सोडून द्यायचा. साठ-सत्तर-ऐंशीचा दिसला की दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून खाती एकेक करून जुळवायची. तिथे जवळजवळ नेहमी एखादं खातं वेगळं निघतं, जसं तुमचं निघालं.

आता काय करायचं

फायनान्स कंपनीच्या सोलापूरच्या शाखेत जा आणि दुचाकीच्या कर्जाचा ना-देय दाखला मागा. १४ जून २०२२ ची पावती घरात सापडली तर उत्तमच. गाडीच्या आरसी बुकावरचा बोजा उतरवताना आरटीओत तुम्ही कंपनीचं पत्र दिलं असेल, त्याची प्रतही चालते. शाखेतला माणूस "आमच्याकडे तर बंद दिसतंय, तुम्ही सिबिललाच सांगा" असं म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, पण लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात एकच वाक्य हवं: कर्ज १४ जून २०२२ रोजी बंद झालं असून सिबिलकडे त्याची नोंद दुरुस्त करून पाठवावी. ब्युरो आपल्या मनाने काही बदलत नाही, कर्ज देणाऱ्याने होकार दिला तरच बदलतो. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी कळवायचं.

ब्युरोकडे कळवायला cibil.com वर तुमच्या खात्यातून वाद नोंदवता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. रिपोर्टच्या वरच्या बाजूला Control Number असतो, तो जवळ ठेवा. गाडीचं कर्ज निवडा आणि बाकी, थकबाकी व बंद झाल्याची तारीख या तीन गोष्टी चुकीच्या आहेत असं कळवा.

तक्रार नोंदल्यापासून ३० दिवसांत ती सुटली पाहिजे. त्यातले २१ दिवस फायनान्स कंपनीचे, उरलेले ब्युरोचे. एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तिसावा दिवस उलटला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते, ज्याच्याकडून उशीर झाला त्याच्याकडून. समजा तुम्ही ६ जूनला तक्रार केलीत आणि ती १८ जुलैला सुटली. ६ जुलैला तीस दिवस भरले, वरचे बारा दिवस, म्हणजे १,२०० रुपये. रक्कम मोठी नाही, पण अर्जात या नियमाचा उल्लेख केला की फाइल हलते, हे मी पाहिलंय. एका बंद केलेल्या कार्डाची माझी स्वतःची नोंद आठ महिने उघडी राहिली होती, तेव्हा हा नियम नव्हता आणि मी नुसत्या चकरा मारत होतो. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोंविरुद्धच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात.

दरम्यान दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू नका. नवी पेठेतला कोणी एजंट "मी चार ठिकाणी टाकून बघतो" म्हणेल, त्याला नको म्हणा. प्रत्येक अर्जाची विचारणा त्या Enquiries मध्ये बसते, आणि महिन्याभरात चार ओळी दिसल्या की पाचवा माणूस विचारात पडतो. तुम्ही स्वतः कितीदाही स्कोअर बघितलात तरी त्याने तो कमी होत नाही. चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, तोही बिनधास्त घ्या. आणि पाच हजारांत "सिबिल क्लीन" करून देतो म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. जे तो करणार ते वर लिहिलंय, आणि ते फुकट होतं.

तुमच्या पत्राच्या इथे न छापलेल्या भागात ओझरता उल्लेख आहे की गेल्या वर्षी पतसंस्थेचं दीड लाखाचं कर्ज वेळेआधी फेडलंत. सोलापुरात निम्मा व्यापार पतसंस्थेवर आणि पिग्मीवर चालतो, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी विचारतात. नागरी सहकारी बँका ब्युरोंना माहिती देतात, पतसंस्था सहसा देत नाहीत. म्हणून ती फेड कुठल्याच आकड्यात आलेली नाही. पण साहेबांना ती कागदावर दाखवता येते. पतसंस्थेच्या शिक्क्याचा कर्जखात्याचा उतारा घ्या आणि खुलाशाच्या पत्राला जोडा.

शेवटी बँकेचं. फाइलमध्ये लावलेला २८ मेचा रिपोर्ट आपोआप बदलत नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सिबिलच्या साइटवर गाडीच्या कर्जापुढे Date Closed आलेली तुम्ही स्वतः पाहिलीत की शाखेत जा. अर्ज कायमचा नाकारला असेल तर नव्याने, प्रलंबित ठेवला असेल तर त्याच फाइलवर, पुन्हा रिपोर्ट मागवा असं लेखी सांगा. बँकेने पाहिलेल्या रिपोर्टची प्रत मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. नाममात्र पैसे घेतील, पण प्रत घ्या. फ्लॅटवाल्याला मात्र आजच भेटा आणि इसाराची मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवल्याचं त्याच पावतीच्या मागे दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या, कारण तीस दिवस हे कागदावरचे तीस दिवस आहेत आणि त्यानंतर बँकेला पुन्हा तिचा वेळ लागणार आहे.